चालत्या व्हिडिओचे शीर्षक बदलावे का?

नवरात्र उठले की मराठी घरांत भाजणीचे धान्य धुऊन वाळत पडते आणि यूट्यूबवर 'चकली' या शब्दाचा शोध वाढू लागतो. पाककृतींचे चॅनेल चालवणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगावे लागत नाही. तिच्या चॅनेलवर शंभर-सव्वाशे व्हिडिओ असतात. पण त्यांतला एखादाच असा असतो, की पाच-सहा वर्षांपूर्वी टाकलेला असूनही दर दिवाळीला तो पुन्हा वर येतो आणि वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा एकटाच उचलतो. नेमक्या याच दिवसांत तिला कोणीतरी सल्ला देते, "काकू, शीर्षक फार साधं आहे. जरा चटकदार करा, व्ह्यूज दुप्पट होतील."

हा सल्ला सरसकट खोटा नाही. जुन्या व्हिडिओचे शीर्षक बदलल्यावर त्याच्याकडे येणारा ओघ खरोखरच वाढल्याची उदाहरणे आहेत, तशीच तो आटल्याचीही आहेत. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडतात. ते कारण समजले, तर शीर्षकाला कधी हात लावावा आणि कधी लावू नये, हे नशिबावर सोडावे लागत नाही. या लेखापुरते एका भाजणीच्या चकलीच्या व्हिडिओचे उदाहरण घेऊ. यातले आकडे कल्पित आहेत, हिशेब कळावा एवढ्यासाठी घेतलेले. त्यामागची रीत मात्र खरी आहे.

एक शीर्षक, दोन वाचक

व्हिडिओचे शीर्षक दोघे वाचतात. एक यूट्यूबची शोधयंत्रणा आणि दुसरा माणूस. यंत्रणा ते वाचते ती हा व्हिडिओ कोणत्या शोधाला उत्तर म्हणून दाखवावा हे ठरवण्यासाठी. कोणी 'भाजणीची चकली' असे टंकले, तर ते शब्द शीर्षकात, वर्णनात आणि प्रत्यक्ष व्हिडिओत कितपत जुळतात हे ती पाहते. शिवाय त्या शोधातून आलेल्या लोकांनी पूर्वी हा व्हिडिओ किती पाहिला हेही विचारात घेते. माणूस शीर्षक वाचतो तो वेगळ्या कारणासाठी. समोर दहा व्हिडिओ आहेत, त्यातला कोणता उघडावा, हे त्याला क्षणभरात ठरवायचे असते.

चांगल्या चाललेल्या जुन्या शीर्षकाने ही दोन्ही कामे काही ना काही जमवलेली असतात. सल्ला देणारा बहुधा दुसऱ्या वाचकाचाच विचार करतो. शीर्षक माणसाला अधिक चटकदार वाटावे म्हणून तो त्यातले 'साधे' शब्द काढून टाकतो, आणि यंत्रणा नेमके तेच साधे शब्द वाचत असते.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्यातले अनेक जण मराठी शोध रोमन अक्षरांत टंकतात. 'भाजणीची चकली' शोधणारी एक बाई देवनागरीत लिहील, तर दुसरी bhajani chakli recipe in marathi असे लिहील. म्हणून जुन्या मराठी पाककृतींच्या शीर्षकांत देवनागरीनंतर उभी रेघ देऊन रोमन शब्द जोडलेले दिसतात. ते दिसायला ओबडधोबड वाटतात, पण त्यांच्यावाचून व्हिडिओच्या एका प्रकारच्या प्रेक्षकाला वाटच सापडणार नाही.

प्रेक्षक कोणत्या दाराने येतो?

यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओचे प्रेक्षक कुठून आले याची फोड मिळते. त्यातली तीन दारे आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत. YouTube search म्हणजे शोधून आलेले. Browse features म्हणजे मुख्यतः यूट्यूब उघडल्याबरोबर दिसणाऱ्या पानावरून आलेले. Suggested videos म्हणजे दुसरा व्हिडिओ पाहताना बाजूला किंवा खाली सुचवला गेला म्हणून आलेले.

या तिन्ही दारांशी उभा असलेला माणूस वेगवेगळ्या मनःस्थितीत असतो. शोधून येणारी बाई ओट्याशी उभी आहे. तिला भाजणीचे प्रमाण हवे आहे आणि तिने 'चकली' हा शब्द स्वतःच टंकला आहे. शीर्षकात तोच शब्द दिसला की तिची खात्री पटते. घरच्या पानावर बोट सरकवणाऱ्या माणसाने काहीच विचारलेले नसते. त्याला थांबवायला शीर्षकात एखादी उत्सुकता लागते. म्हणून एकच बदल एका दाराशी फायद्याचा आणि दुसऱ्या दाराशी तोट्याचा ठरू शकतो.

आता हिशेब. यूट्यूबच्या व्याख्येप्रमाणे व्हिडिओचे चित्र किमान अर्धे आणि एका सेकंदाहून अधिक काळ पडद्यावर दिसले, की एक इम्प्रेशन मोजले जाते. त्यातल्या किती जणांनी व्हिडिओ उघडला, ते क्लिकचे प्रमाण. समजा, आपल्या चकलीच्या व्हिडिओचे शीर्षक असे आहे:

'भाजणीची चकली | Bhajanichi Chakli Recipe in Marathi'

साध्या चार आठवड्यांत शोधात तो १०,००० वेळा दिसला आणि ९ टक्के लोकांनी उघडला. म्हणजे ९०० व्ह्यूज. घरचे पान आणि सुचवणी मिळून तो आणखी १०,००० वेळा दिसला आणि ३ टक्के लोकांनी उघडला, म्हणजे ३००. एकूण १,२००.

सल्ल्याप्रमाणे शीर्षक बदलून 'ही एक चूक केलीत तर फराळ फसणारच!' असे केले. घरच्या पानावर उत्सुकता वाढली, क्लिकचे प्रमाण ३ वरून ४.५ टक्क्यांवर गेले आणि तिथे ३०० ऐवजी ४५० व्ह्यूज मिळाले. पण शीर्षकात आता 'चकली' नाही, 'भाजणी' नाही आणि रोमन शब्दही नाहीत. समजा, शोधातली इम्प्रेशन १०,००० वरून ५,००० वर आली. जिला व्हिडिओ दिसला, तिलाही हा आपल्या कामाचा आहे की करंजीचा हे कळेना, म्हणून प्रमाण ९ वरून ५ टक्क्यांवर उतरले. शोधातून आले फक्त २५०. एकूण ७००.

काकूंनी फक्त घरच्या पानाचा आकडा पाहिला, तर शीर्षक यशस्वी झाले असे त्यांना वाटेल, कारण तिथे दीडपट वाढ आहे. प्रत्यक्षात व्हिडिओने बाराशे प्रेक्षकांपैकी पाचशे गमावले असे म्हणावे लागेल, इतका हा तोटा मोठा आहे: १,२०० चे ७०० झाले आहेत, आणि गेलेले प्रेक्षक तेच आहेत जे काही शोधत आले होते.

याच व्हिडिओला तिसरेही शीर्षक देता आले असते: 'भाजणीची चकली तेलात विरघळू नये म्हणून मोहन किती? | Bhajani Chakli Recipe in Marathi'. यात शोधाचे शब्द सुरुवातीलाच आणि शाबूत आहेत. भर पडली आहे ती एका खऱ्या प्रश्नाची. मोहन जास्त झाले की चकली तेलात सुटते, कमी पडले की कडक होते, हा ओट्याशी रोजचा अनुभव आहे. बदल करायचाच असेल, तर तो असा जुन्या शब्दांवर भर घालणारा असावा, ते पुसून टाकणारा नसावा. लांबीचे भान मात्र ठेवावे लागते. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर त्याचा शेवटचा भाग अनेकदा कापला जातो, म्हणून कामाचे शब्द आधी यावेत.

उघडल्यानंतर काय होते?

इथवरचा हिशेब क्लिकचा झाला. पण ओघ खरा कुठे वळतो, ते क्लिकनंतर ठरते.

यूट्यूबने २०१२ साली आपल्या शिफारशींचा पाया व्ह्यूजवरून पाहण्याच्या वेळेकडे सरकवला. पुढे २०१६ मध्ये कव्हिंग्टन, ॲडम्स आणि सार्गिन या गूगलच्या तीन अभियंत्यांनी या शिफारस-यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यंत्रणा दोन टप्प्यांत काम करते, असे त्यांनी मांडले. आधी लाखो व्हिडिओंतून काहीशे निवडायचे आणि मग त्यांची क्रमवारी लावायची. ही क्रमवारी लावताना 'किती जण क्लिक करतील' एवढेच न पाहता 'एकदा दाखवल्यावर किती वेळ पाहिले जाईल' याचा अंदाज बांधला जातो. नुसत्या क्लिकवर क्रम लावला, तर लोक उघडून लगेच सोडून देतात असे फसवे व्हिडिओ वर येतात, हे कारण त्यांनी स्पष्टपणे दिले होते. त्यानंतर यंत्रणा पुष्कळ बदलली आहे, पण क्लिकसोबत पाहण्याचा वेळ आणि समाधान मोजायचे हे सूत्र टिकून आहे.

आपल्या चकलीला हे लावून पाहा. 'ही एक चूक' म्हणून व्हिडिओ उघडणाऱ्याला ती चूक ऐकायची आहे. व्हिडिओ मात्र चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ असा प्रमाणापासून सुरू होतो आणि मोहनाची गोष्ट नवव्या मिनिटाला येते. तो माणूस दुसऱ्याच मिनिटाला उठून जातो. व्हिडिओ तोच, त्याची चवही तीच. पण नव्या शीर्षकाने वेगळा पाहुणा बोलावला आणि त्याला जे सांगितले ते पानात वाढले नाही. असे पुष्कळ पाहुणे अर्धपोटी उठले, की यंत्रणा तो व्हिडिओ इतरांना कमी दाखवू लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांत क्लिक वाढून नंतर इम्प्रेशनच घटू लागली, तर हेच घडत असल्याची ती खूण आहे. अशा वेळी पाहण्याचा सरासरी वेळ बदलाआधीच्या वेळेशी ताडून पाहावा. तो उतरला असेल, तर दोष शीर्षकाने दिलेल्या शब्दाचा आहे.

इथेच एक समज दूर करायला हवा. शीर्षक बदलले की यंत्रणा व्हिडिओला नवा समजून पुन्हा पुढे ढकलते, असे अनेक जण मानतात. यूट्यूबने वारंवार सांगितले आहे की यंत्रणा बदलाच्या कृतीला दाद देत नाही. बदलानंतर प्रेक्षक वेगळे वागले, तर त्या वागण्याला देते. व्हिडिओचा दुवा तोच राहतो, व्ह्यूज आणि प्रतिक्रिया तशाच राहतात, आणि तो कोणकोणत्या व्हिडिओंबरोबर पाहिला गेला हा वर्षानुवर्षांचा इतिहासही पुसला जात नाही. चालत्या व्हिडिओची खरी पुंजी हा इतिहासच असतो. नवे शीर्षक ही पुंजी वाढवत नाही. ती बरोबर घेऊन चुकीच्या दाराशी उभे राहण्याची सोय मात्र करून देते.

आकडे कसे फसवतात?

बदल करावा असे वाटायला लावणारे दोन भास नेहमी आढळतात.

पहिला भास, 'क्लिकचे प्रमाण घसरले' हा. आपल्याच व्हिडिओचे एकूण प्रमाण जुन्या शीर्षकासह २०,००० इम्प्रेशनला १,२०० व्ह्यूज, म्हणजे ६ टक्के होते. आता समजा, दिवाळी जवळ आली आणि यंत्रणेने तो घरच्या पानावर अधिक लोकांना दाखवायला सुरुवात केली. शोधात तेच १०,००० आणि ९ टक्के. घरच्या पानावर आणि सुचवणीत १०,००० ऐवजी ५०,००० इम्प्रेशन, प्रमाण तेच ३ टक्के. व्ह्यूज झाले ९०० अधिक १,५००, म्हणजे २,४००; दुप्पट. पण एकूण प्रमाण? ६०,००० ला २,४००, म्हणजे ४ टक्के. कोणत्याही दाराशी काहीही बिघडलेले नाही, व्हिडिओ दुप्पट पाहिला जातो आहे, आणि तरी वरचा आकडा ६ वरून ४ वर आलेला दिसतो. घाबरून याच क्षणी शीर्षक बदलणे म्हणजे गिऱ्हाइकांची रांग लागली असताना दुकानाची पाटी उतरवणे. म्हणून क्लिकचे प्रमाण कधीही एकत्र पाहू नये. प्रत्येक दाराचे वेगळे पाहावे आणि त्याच्या शेजारी इम्प्रेशनची संख्या ठेवावी.

दुसरा भास ऋतूचा. चकलीचा व्हिडिओ जूनमध्ये थंड असतो आणि ऑक्टोबरात पेटतो. सप्टेंबरअखेर शीर्षक बदलले, तर वाढ होणारच. ते श्रेय शीर्षकाला देणे म्हणजे ताप उतरायलाच आला असताना घेतलेल्या काढ्याला देणे. गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करावी, असे कोणी म्हणेल. पण आपली दिवाळी इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते आणि २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याची तुलना त्याच तारखांशी केली, तर २०२४ चा आकडा फुगलेला दिसेल, कारण त्या वर्षी तो आठवडा दिवाळीच्या अकरा दिवस अधिक जवळ होता. तुलना करायची ती 'लक्ष्मीपूजनाआधीचे एकवीस दिवस' अशी, तिथी धरून. त्याबरोबर चॅनेलवरच्या शेव किंवा अनारशाच्या, शीर्षक न बदललेल्या एखाद्या व्हिडिओचे तेच दिवस शेजारी ठेवावेत. दोन्ही सारखेच वाढले असतील, तर वाढ दिवाळीची. चकली त्याहून स्पष्टपणे अधिक वाढली असेल, तरच शीर्षकाचा विचार करावा.

हात लावावा कधी, लावू नये कधी

एवढे लक्षात घेतले की निर्णय बराच सोपा होतो. व्हिडिओचे निम्म्याहून अधिक प्रेक्षक शोधातून येत असतील आणि त्या शोधांचे शब्द आजच्या शीर्षकात असतील, तर ते शीर्षक तसेच राहू द्यावे. स्टुडिओत YouTube search उघडले, की लोकांनी कोणते शब्द टंकले त्यांची यादी दिसते. त्या यादीतले पहिले चार-पाच शोध कागदावर उतरवावेत. यातला कोणताही शब्द नव्या शीर्षकातून गळत असेल, तर ते शीर्षक बाद. हंगाम तोंडावर असेल, तरी हात लावू नये. आपल्या उदाहरणात लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या महिन्यात एक चूक झाली, तर ती उमगून दुरुस्त होईपर्यंत वर्षाचा बाजार उठलेला असतो. आणि आकडे कमी झाले म्हणून नव्हे, तर केवळ शीर्षक आपल्याला कंटाळवाणे वाटते म्हणूनही बदलू नये. आपण ते हजार वेळा पाहिलेले असते. शोधून येणारी बाई ते पहिल्यांदाच पाहत असते.

बदल करण्याजोगी स्थिती वेगळी असते. घरच्या पानावर आणि सुचवणीत इम्प्रेशन भरपूर आहेत, तिथले क्लिकचे प्रमाण चॅनेलवरच्या त्याच जातीच्या व्हिडिओंपेक्षा बरेच कमी आहे, पण जे उघडतात ते मात्र दीर्घकाळ पाहतात. याचा अर्थ पदार्थ चांगला आहे, पाटी कमी पडते. किंवा शोधांच्या यादीत 'चकली मऊ का पडते' असा प्रश्न वर आला आहे, त्याचे उत्तर व्हिडिओत आहे, पण शीर्षकात त्याचा उल्लेख नाही. किंवा शीर्षकात उघड चूक आहे. या तिन्ही वेळी बदलाला कारण आहे. शीर्षकातले '२०१९' खोडून चालू वर्ष घालणे मात्र यात बसत नाही. आतला मजकूर बदलला नसेल, तर ते प्रेक्षकाला चुकीचे सांगणे होते आणि त्याचा हिशेब पाहण्याच्या वेळेत दिसतोच.

बदल ठरला, तर तो शांत महिन्यात, चकलीसाठी म्हणायचे तर फेब्रुवारी-मार्चात करावा. जुने शीर्षक अक्षरशः जसेच्या तसे, तारखेसह वहीत उतरवून ठेवावे. त्याच वेळी चित्र आणि वर्णन बदलू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. मग किमान तीन-चार आठवडे थांबून, दारानुसार इम्प्रेशन, क्लिकचे प्रमाण आणि पाहण्याचा सरासरी वेळ आधीच्या तितक्याच दिवसांशी ताडावा. शांत महिन्यात आकडे लहान असतात, म्हणून शंभर-दीडशे व्ह्यूजच्या चढउताराला अर्थ देऊ नये. यूट्यूबने चित्रांसाठी, आणि अलीकडे शीर्षकांसाठीही, पर्याय एकाच वेळी वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवून पाहण्याची सोय दिली आहे. ती उपलब्ध असेल, तर ऋतूचा भास आपोआप टळतो; आणि तिथेही विजेता ठरतो तो पाहण्याच्या वेळेवर, नुसत्या क्लिकवर नव्हे.

शोधाचा ओघ आटला, तर जुने शीर्षक परत आणावे, आणि ते लवकर आणावे. पण जुने शब्द परत आले म्हणून जुनी जागा त्याच दिवशी परत मिळेल असे नाही. मधल्या काळात त्या शोधावर दुसऱ्या कोणाच्या चकलीने जम बसवलेला असू शकतो, आणि तिलाही प्रेक्षकांनी शेवटपर्यंत पाहिलेले असते. काकूंच्या वहीत या सगळ्यासाठी दोनच ओळी पुरेशा आहेत: लोक कोणते शब्द टंकून येतात, आणि आल्यावर किती वेळ बसतात. या दोन ओळी ठीक असतील, तर यंदाच्या दिवाळीत शीर्षक सोडून द्यावे आणि भाजणी दळायला टाकावी.